तळहातावरचे घट्टे आणि वर्गातली भिंत: व्यायामाची चार तत्त्वं नववीला कशी शिकवायची

क्रीडाशिक्षक म्हणून नुकतेच रुजू झाला असाल, किंवा तुम्ही मुळात गणिताचे आणि शाळेनं पीटीचा तास तुमच्या गळ्यात मारला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. अतिभार, क्रमवाढ, विशिष्टता आणि प्रत्यावर्तन हे चार शब्द डी.एड., बी.पी.एड.च्या पुस्तकांत असतात. फळ्यावर व्याख्या लिहून दिल्या की पोरं त्या पाठ करतात आणि मैदानावर जाऊन अगदी उलटं वागतात. मीही सुरुवातीची दोन वर्षं व्याख्याच लिहून देत होतो. आता मी हे सगळं दोन व्यायामांवर शिकवतो: पाठ भिंतीला टेकवून बसणं आणि पायरीवर चढ-उतर करणं. खर्च शून्य. लागतात ते पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दोन महिने आणि प्रत्येक पोराची एक वही.

पोळा म्हणण्याचं कारण आहे. पोळ्याची अमावस्या आणि दिवाळीची अमावस्या यांत बरोबर दोन चांद्रमास असतात, म्हणजे साधारण साडेआठ आठवडे. अधिक महिना मध्ये आला तर एक महिना जास्त मिळतो. पहिल्या आठवड्यात चाचणी, मग सहा आठवडे सराव, मग पुन्हा चाचणी, आणि लगेच दिवाळीच्या सुट्ट्या. चौथं तत्त्व शिकवायला ती सुट्टीच कामाला येते.

पहिला तास: हात दाखवा

पहिल्या तासाला मैदानावर नेऊ नका. वर्गातच बसवा आणि सगळ्यांना तळहात वर करायला सांगा. पोळ्याच्या सुमाराला आपल्याकडे डवरणी आणि निंदण होऊन गेलेलं असतं. निम्म्या वर्गाच्या हातांना काही ना काही खुणा असतातच. माझ्या वर्गात हा संवाद दरवर्षी थोड्याफार फरकानं होतो:

"सर, माह्या हाताले घट्टे पडले."

"काऊन पडले?"

"डवरा हाकला ना. रुमणं लागते इथं."

"पहिल्या दिवशीच पडले का?"

"नाई सर. पहिल्या दिवशी फोड आला होता. मग बाबानं दोन दिवस फक्त सकाळचंच हाकू देलं."

झालं. चारातली तीन तत्त्वं त्या पोराच्या तळहातावर आहेत. कातडीला सवयीपेक्षा जास्त घासणं मिळालं म्हणून ती जाड झाली: हा अतिभार. एकदम जास्त मिळालं तेव्हा फोड आला, आणि बापानं काम कमी करून हळूहळू वाढवलं तेव्हा घट्टा बसला: ही क्रमवाढ. घट्टा जिथं रुमणं घासतं तिथंच आहे, तळहाताच्या मधल्या खळग्यात नाही: ही विशिष्टता. चौथं तत्त्व विचारूनच काढा. "उन्हाळ्यात हे घट्टे राहतात का?" वर्गातून उत्तर येतं, "नाई सर, जातात. मग पुन्हा पहिल्या पावसाले हात सोलते." हे प्रत्यावर्तन. मी वर्गात त्याला सरळ 'उतरण' म्हणतो. परीक्षेत मोठा शब्द लिहा, बोलताना उतरण म्हणा.

इथं एक खबरदारी घ्या. घट्टा म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा, निर्जीव थर जाड होणं. स्नायू तसा जाड होत नाही आणि हृदय तर नाहीच. पोरांना उदाहरण फार आवडतं आणि मग ती समजतात की जेवढं घासाल तेवढं चांगलं. म्हणून त्याच तासाला सांगून टाका की हात हा फक्त नमुना आहे. शरीराचा नियम तोच, पण आत घडतं ते वेगळं. नववीच्या वयात पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बरीचशी मेंदू आणि मज्जातंतू स्नायूला जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात म्हणून वाढते. मांडी फुगलेली दिसणार नाही आणि ते ठीकच आहे. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात पोरं टेप घेऊन मांडी मोजतात आणि नाराज होतात.

'अतिभार' या शब्दानं आणखी एक घोळ होतो. कोणीतरी हटकून म्हणतं, "अति तिथं माती, सर!" म्हण खरी आहे, दोष शब्दाचा आहे. यातल्या 'अति'चा अर्थ 'प्रमाणाबाहेर' असा नाही, 'शरीराला ज्याची सवय आहे त्याच्या थोडं वर' असा आहे. मी फळ्यावर अतिभारच्या समोर 'सवयीच्या वर' असं लिहून ठेवतो आणि दोन महिने पुसत नाही.

दुसरा आणि तिसरा तास: दोन चाचण्या

पहिली चाचणी भिंतीची. पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं, पाय खांद्याइतके फाकवलेले, टाचा जमिनीवर, मांड्या जमिनीला समांतर, टोंगळे काटकोनात. हात छातीवर, मांडीवर टेकवायचे नाहीत. जोडीदार वेळ मोजतो. पाठ घसरली किंवा ढुंगण वर सरकलं की घड्याळ थांबवायचं. श्वास रोखून धरू देऊ नका, त्यानं रक्तदाब उगाच चढतो. जोडीदारानं अधूनमधून काहीतरी विचारायचं आणि बसणाऱ्यानं उत्तर द्यायचं, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

दुसरी चाचणी पायरीची. साधारण तीस सेंटीमीटर उंचीची पायरी घ्या. शाळेच्या ओट्याची पायरी बहुतेक कमी भरते, मग लाकडी स्टूल नको, ते डगमगतं. फरशीचा तुकडा पक्का बसवून उंची वाढवा, नाहीतर आहे तीच पायरी वापरा. उंची काहीही असली तरी पहिल्या आणि शेवटच्या चाचणीला तीच हवी. तीन मिनिटं, मिनिटाला चोवीस वेळा चढ-उतर. 'वर, वर, खाली, खाली' असे चार ठोके म्हणजे एक फेरा, म्हणून मिनिटाला शहाण्णव ठोके. मोबाइलमधलं मेट्रोनोम ९६ वर लावा आणि सगळ्यांना टाळ्या वाजवू द्या. तीन मिनिटं झाली की लगेच खाली बसायचं, पाच सेकंदांच्या आत नाडी सापडवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायची. आलेला आकडा वहीत लिहायचा. हृदय जितक्या लवकर शांत होतं, तितका तो आकडा कमी येतो.

नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची घाई करू नका. एक ठोका चुकला तर चार ठोक्यांची चूक होते. त्या मिनिटात नाडी उतरत जाते हे खरं, पण आपल्याला तेच तर मोजायचं आहे. नाडी मोजण्याचा सराव आदल्या दिवशी बसल्या जागी करून घ्या. अंगठ्यानं मोजू नये, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं ठेवावीत, एवढं शिकायला नववीला एक अख्खा तास लागतो. तो द्या.

दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या दिवशी दोनदा घ्या आणि दुसरा आकडा धरा. पहिल्या वेळी भिंतीला बसणारं पोरगं हसण्यात आणि पाय सरकवण्यातच वेळ घालवतं. दुसऱ्या वेळी फक्त युक्ती कळल्यामुळेच आठ-दहा सेकंद वाढू शकतात. ती वाढ सरावाच्या खात्यात जमा केली तर सगळा हिशेब खोटा होतो. चाचणीची वेळही एकच ठेवा: सकाळचा तास, डबा खायच्या आधी, सावलीत. जेवल्यावर आणि उन्हात नाडी तशीही वर असते, आणि ऑक्टोबरचं ऊन आपल्याला माहीतच आहे.

आणि हे आधी विचारल्याशिवाय कोणालाही पायरीवर चढवू नका: सिकलसेल कोणाला आहे? विदर्भातल्या शाळेत शिकवणाऱ्यानं हा प्रश्न विसरून चालत नाही. चारचौघांत विचारू नका, पालकांना विचारा. सिकलसेलग्रस्त मुलाला डॉक्टरांना विचारल्याखेरीज दमछाक होईपर्यंतची चाचणी द्यायची नाही. जो फक्त वाहक आहे त्यालाही ऊन, पाण्याची कमतरता आणि एकदम जोरकस श्रम हे तिन्ही एकत्र आले तर धोका असतो. त्यांना आपल्या चालीनं करू द्या, पाणी जवळ ठेवा, 'थांबतो' म्हटलं की थांबू द्या. दमा असलेली किंवा रक्त कमी असलेली मुलं हीही याच यादीत.

सहा आठवडे: वर्गाचे दोन गट

चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. एकाचं नाव भिंत, दुसऱ्याचं पायरी. भिंत गट सहा आठवडे फक्त भिंतीला बसेल, पायरी गट फक्त चढ-उतर करेल. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. सुरुवातीला हातपाय मोकळे करण्यासकट पंधरा मिनिटं पुरतात, उरलेल्या तासात खो-खो, कबड्डी चालू द्या. दोन्ही गट सारखंच खेळत असल्यामुळे तुलना बिघडत नाही.

आता वहीचं एक पान बघू. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण मांडणी हीच ठेवा. भिंत गटातली एक मुलगी, पहिली चाचणी ४८ सेकंद. सराव तिच्या ४८ वर सुरू करायचा नाही. चाचणी म्हणजे शेवटचं टोक, तिथं रोज जाता येत नाही. टोकाच्या साधारण दोन तृतीयांशावर सुरू करा, म्हणजे ३० सेकंद, तीन वेळा, मध्ये एक मिनिट विश्रांती. हे तिच्यासाठी सवयीच्या वर आहे का? आहे, कारण तिला रोजच्या जगण्यात कुठंच तीस सेकंद असं बसावं लागत नाही. तिसऱ्या वेळी शेवटच्या काही सेकंदांत मांड्या थरथरल्या पाहिजेत, पण पाठ घसरू नये. थरथर अजिबात नाही तर भार कमी. दुसऱ्याच वेळी पाठ घसरली तर भार जास्त.

पुढं तिच्या वहीत असं दिसेल: पहिला आठवडा ३० सेकंद, दुसरा ३५, तिसरा ४०, चौथा पुन्हा ३०, पाचवा ४५, सहावा ५०. प्रत्येक वेळी तीनदाच. सहाव्या आठवड्यात ती ५० सेकंद तीन वेळा बसते आहे, आणि दीड महिन्यापूर्वी तिची एकदाची कमाल ४८ होती. हे पान वर्गाला वाचून दाखवा. क्रमवाढीबद्दल दहा मिनिटं बोलण्यापेक्षा ते दोन आकडे जास्त काम करतात.

पायरी गटाचंही तसंच. दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट थांबून. मग अडीच मिनिटांच्या, मग तीनच्या, चौथ्या आठवड्यात परत दोनच्या, पुढं साडेतीन आणि शेवटी चार. ठोका ९६ चाच. वेग आणि वेळ दोन्ही एकदम वाढवायचे नाहीत, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही आणि पोटऱ्या आखडतात त्या वेगळ्याच.

चौथा आठवडा मागे का घेतला, असं पोरं विचारणारच. इथं मी एक जुनी गोष्ट सांगतो. मिलो नावाचा एक पहिलवान होता. दक्षिण इटलीत क्रोटोन नावाची ग्रीकांची वसाहत होती, तिथला. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला, ऑलिंपिकमध्ये कुस्ती सहा वेळा जिंकलेला. दंतकथा अशी की तो रोज एक गोऱ्हा खांद्यावर उचलायचा. गोऱ्हा वाढत गेला तसा मिलोही वाढत गेला आणि शेवटी त्यानं अख्खा बैल उचलला. एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मंग आमच्या बाबानं आतापर्यंत ट्रॅक्टर उचलला असता." वर्ग हसला, पण पोरगं बरोबर बोललं होतं. गोष्ट निम्मी खरी आहे. थोडं थोडं वाढवलं की शरीर जुळवून घेतं हे खरं, पण गोऱ्हा जसा रोज वाढतो तसं माणूस सरळ रेषेत वाढत नाही. जुळवून घेण्याचं काम व्यायाम करताना होत नाही, ते नंतरच्या विश्रांतीत होतं. तीन आठवडे ओझं चढवल्यावर एक आठवडा थोडं उतरवलं की साचलेला थकवा निघतो आणि पाचव्या आठवड्याची उडी झेपते. दसऱ्याची सुट्टी याच सुमाराला येत असेल तर ती चौथ्या आठवड्यात बसवा.

दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो धावण्याच्या अंतरासाठी वापरला जाणारा ढोबळ आडाखा आहे, शरीराचा कायदा नाही. ३० सेकंदांचे ३५ म्हणजे जवळपास सतरा टक्के होतात, पण मुळात ओझंच इतकं लहान आहे की त्यानं बिघडत नाही. हेच रस्त्यावर रोज तीन किलोमीटर पळणाऱ्याच्या बाबतीत करू नका.

काय बिघडतं आणि कसं ओळखायचं

पहिल्या आठवड्यात मांड्या दुखणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, मग उतरतं. दुखणं दोन्ही मांड्यांत, पसरट असेल आणि पुढच्या सरावापर्यंत कमी झालं असेल तर काळजी नाही. पण एखादं पोरगं एका बोटानं एकच जागा दाखवत असेल, तर थांबा. या वयात उंची झपाट्यानं वाढते आणि टोंगळ्याच्या वाटीखाली, नडगीचं हाड जिथं पुढं उंचवट्यासारखं लागतं, तिथं दुखणं आणि कधी सूज येते. जोरात ओढणारा स्नायू तिथं वाढत्या हाडाला जोडलेला असतो. अशा पोराला 'सवय होईल' म्हणून दामटू नका. काटकोनाऐवजी बरंच वर, म्हणजे टोंगळे थोडेच वाकवून बसवा, तरी दुखत असेल तर व्यायाम बंद आणि डॉक्टर.

माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगतो. आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, आणि थोड्याच आठवड्यांत तालुक्याच्या स्पर्धा डोक्यावर येतात. मला घाई झाली होती. मे-जून घरी बसलेल्या पोरांना मी पहिल्याच सोमवारपासून डांबरी रस्त्यावर रोज चार किलोमीटर पळवलं. दुसऱ्या आठवड्यात आठपैकी पाच जणांच्या नडग्या आतल्या बाजूनं दुखू लागल्या. स्पर्धेला उभे राहिले तिघं. मार्चमध्ये हीच पोरं हेच अंतर आरामात पळत होती, म्हणून मला वाटलं होतं झेपेल. दम आणि पायांचा टणकपणा दोन्ही महिन्यांत उतरले होते आणि मी मार्चचा आकडा जुलैत वापरला. म्हणजे उतरण विसरलो आणि क्रमवाढही सोडली, दोन तत्त्वं एका दमात मोडली.

शेवटची चाचणी: कोणाचं काय वाढलं

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात दोन्ही गटांच्या दोन्ही चाचण्या घ्या. हा सगळ्यात मजेचा तास, तो नीट रंगवा. आकडे फळ्यावर मांडण्याआधी वर्गाला अंदाज लिहायला सांगा: भिंत गटाची नाडी किती सुधारली असेल? पायरी गटाचे सेकंद किती वाढले असतील?

मग प्रत्येक गटाचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधला आकडा काढा. गणिताच्या तासात शिकवलेला मध्यक इथं चालवायला मिळतो. एकेका पोराच्या नाडीवर निष्कर्ष काढू नका, कारण झोप नीट झाली नाही, ताप येऊन गेला, नाहीतर नुसती परीक्षेची धाकधूक असली तरी पाच-सात ठोके इकडचे तिकडे होतात. वीस जणांचा मधला आकडा त्यापेक्षा भरवशाचा.

बहुतेक वेळा चित्र असं दिसतं: भिंत गटाचे सेकंद भरपूर वाढलेले, नाडी जवळपास जिथल्या तिथं. पायरी गटाची नाडी काही ठोक्यांनी खाली आलेली, आणि सेकंद थोडे वाढलेले. 'थोडे' हा शब्द महत्त्वाचा. पायरी चढताना मांड्याच कामाला लागतात, म्हणून थोडा फायदा तिकडून इकडे येतो. विशिष्टता म्हणजे भिंतीपलीकडे काहीच जात नाही असं नाही. ज्या गोष्टीचा सराव केला तिच्यात जास्तीत जास्त, तिच्यासारख्या गोष्टीत थोडं, आणि वेगळ्याच गोष्टीत फारसं काही नाही.

हे पोरांना शंकरपटाच्या भाषेत लगेच कळतं. पटाच्या जोडीला कोणी महिनाभर वखराला जुंपून ठेवत नाही, आणि वखराची जोडी पटावर आणली तर ताकद असून मागं पडते. मग त्यांना रस्त्यावरच्या दादांचं उदाहरण द्या. पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे पहाटे पाच-पाच किलोमीटर पळताना गावोगाव दिसतात. मुलांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणं असतं, १०० मीटर असतं आणि गोळाफेकही असते. पाच किलोमीटरचा संथ पल्ला १६०० ला बराच उपयोगी पडतो, १०० ला फार कमी आणि गोळ्याला जवळजवळ नाहीच. वर्गाला विचारा: या दादाचा आठवडा तुम्ही कसा लावाल? उत्तरं वहीत लिहून घ्या, तपासायला तुम्हालाच मजा येईल.

दरवर्षी दोन-तीन पोरं अशी निघतात की पायरी गटात असूनही नाडी तसूभर हलत नाही. त्यांच्यावर 'कामचुकार' असा शिक्का मारायच्या आधी एक प्रश्न विचारा: शाळेत कसा येतोस? एकानं सांगितलं, सहा किलोमीटर सायकल, येऊन-जाऊन बारा. त्याच्यासाठी तीन-चार मिनिटांची पायरी सवयीच्या वर नव्हतीच, खालीच होती. वर्गाचा भार सगळ्यांना एक दिला होता, अतिभार मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. या पोराचं पान मी मुद्दाम सगळ्यांना दाखवतो, कारण न सुधारलेला आकडा अतिभार जास्त चांगला समजावतो.

सुट्टीनंतर: उतरण मोजा

सुट्टीत कोणताही व्यायाम लावून देऊ नका. फक्त एवढंच सांगा की रोज काय काम केलं ते एका ओळीत लिहायचं. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, सराव सुरू करण्याआधी, दोन्ही चाचण्या पुन्हा घ्या.

पोरांना वाटतं सगळं गेलं असेल. तसं होत नाही. दोन-अडीच आठवड्यांत भिंतीचे सेकंद बऱ्यापैकी टिकलेले असतात, नाडी मात्र वर सरकू लागलेली असते. दम आधी उतरतो, ताकद मागून. त्याचं कारण नववीला सांगण्याइतकं सोपं आहे. दमाचा सराव करणाऱ्याच्या शरीरात रक्तातला पातळ भाग वाढतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. सराव थांबला की हा वाढलेला भाग काही दिवसांतच कमी होऊ लागतो आणि तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. मज्जातंतूंनी शिकलेली गोष्ट इतक्या लवकर विसरली जात नाही, जशी सायकल विसरत नाही.

मग वहीतल्या त्या एका ओळी वाचा. आपल्याकडे दिवाळी म्हणजे सोयाबीन निघालेलं आणि कापसाची वेचणी चालू. बरीच पोरं सुट्टीभर वावरात होती. कोणी म्हणेल, "सर, आम्ही तं दिवसभर काम केलं, मंग नाडी काऊन वाढली?" वेचणीत कंबर वाकते, बोटं सोलवटतात, पाय संथ चालतात, पण हृदयाला धाप लागेल असं सलग काम क्वचितच असतं. कष्ट होते, पण ते वेगळे होते. इथं विशिष्टता आणि उतरण एकाच आकड्यात दिसतात. कोणी सुट्टीत रोज दोन तास कबड्डी खेळला असेल तर त्याची नाडी टिकलेली दिसण्याची शक्यता बरीच. दोघांची पानं शेजारी ठेवा.

आता पुन्हा सुरुवात कुठून करायची, हा शेवटचा प्रश्न. वहीत सहाव्या आठवड्यासमोर ५० सेकंद लिहिलेलं असतं आणि पोरगी तिथूनच सुरू करायला बघते. तसं करू देऊ नका. सुट्टीनंतरच्या चाचणीत जो आकडा आला, त्याचे पुन्हा दोन तृतीयांश करा. समजा शेवटच्या चाचणीत तिचे ७८ आले होते आणि आता ७२ आले, तर सराव ४८ सेकंदांवर सुरू होईल, म्हणजे जिथं सोडला त्याच्या जरासं मागे. पायरी गटाला साधारण तिसऱ्या आठवड्याच्या पायरीवर न्या, तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. हाच हिशेब जूनच्या शेवटी शाळा उघडल्यावर करायचा असतो, फक्त तेव्हा दोन आठवड्यांऐवजी दोन महिने गेलेले असतात. म्हणून तेव्हा जुनी वही कपाटातच राहू द्या, पहिल्या दिवशी कोरं पान काढा, आणि त्यावर वर तारीख टाकून नवी चाचणी घ्या.